थंड जागी ठेव

गल्लीत त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे ठिपकेराव म्हणत, तोंडावरसुद्धा. त्याची बायको रागात असली की तीही तेच म्हणे, "ठिपकेराव, ताट वाढलंय, या." आणि खरं सांगायचं तर त्याला ते नाव आवडायचं.

चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधे चेपून बसवलेलं त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. एक काउंटर, एक भिंगाचा दिवा, एक मायक्रोस्कोप, चिमटे, आणि मागच्या फळीवर मेलेल्या फोनांनी भरलेला पत्र्याचा डबा. चपलांच्या खोक्यांत त्या ‘खाऊ नये’ लिहिलेल्या पुड्या येतात ना, ओल शोषणाऱ्या, त्या हा शेजाऱ्याकडून मागून आणायचा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत साठवायचा. चपलवाला म्हणायचा, "अरे, लोक माझ्याकडे चपला न्यायला येतात, तू कचरा न्यायला येतोस!"

आता ठिपका म्हणजे काय ते सांगतो. फोनच्या आत, सिम घालायच्या खाचेत आणि एकदोन ठिकाणी बोर्डावर, कागदाचा एक इवलासा पांढरा ठिपका चिकटवलेला असतो. पाण्याचा थेंब लागला की तो लाल होतो. फोन मागाहून कितीही वाळवा, उन्हात ठेवा, तांदळाच्या डब्यात पुरा, तो काही परत पांढरा होत नाही. झालं! ठिपकेरावांचं सगळं शहाणपण या ठिपक्यावर उभं होतं. गिऱ्हाईक काउंटरवर फोन ठेवून म्हणे, "पाण्याजवळ गेलेलाच नाही हो, नुसता टेबलावर होता." हा सिमचा ट्रे बाहेर ओढायचा, खाचेत दिवा मारायचा, आणि मान वर न करता विचारायचा, "टेबल कुठे होतं? विहिरीत?"

दुकानात हशा पिकायचा. एकदा तर एका बाईने शपथेवर सांगितलं की फोन ओलाच झालेला नाही, आणि स्पीकरमधून साबणाचा फेस आला. तो किस्सा त्याने इतक्यांदा सांगितला होता की बायकोला पाठ झाला होता. लोक खोटं बोलतात, ठिपका बोलत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. पावसाळा आला की दिवसातून कितीदा तरी म्हणायचा.

त्याची आई शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचं मशीन. तिची ख्याती अशी की ती माप लिहून ठेवत नसे. एकदा टेप फिरवली की आकडे डोक्यात गेले. वर्षभराने तीच बाई आली तरी आई दारातूनच म्हणायची, "तुझी बाही अर्ध्या इंचाने सैल करायला हवी, दंड भरलाय." बाई लाजायची, पण शिवायला इथेच यायची. नवरा लवकर गेला तेव्हा आईने याच मशीनवर घर ओढलं. ठिपकेरावांच्या हातात पहिला चिमटा आला तोही तिच्या शिवणाच्या डब्यातला.

तर त्या पावसाळ्यात आईचा फोन बिघडला. आधी कॅमेऱ्याच्या काचेआड धुकं आलं. मग चार्जर लावला की ‘ओल आहे, चार्जर काढा’ अशी सूचना यायला लागली. मग एका सकाळी फोन उठलाच नाही. आई छत्री घेऊन दुकानात आली. दुकानात गर्दी होती, पावसाळ्यात असतेच. तिने फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "बघ रे काय झालंय. मी काही केलं नाही."

आता हे वाक्य ठिपकेरावांनी आयुष्यात हजारदा ऐकलेलं. सवयीने ट्रे ओढला, दिवा मारला. ठिपका लाल.

"आई, तूसुद्धा?" तो म्हणाला, आणि सगळं दुकान हसलं.

"अरे, पाण्यात नाही पाडला मी."

"मग बादलीत पडला असेल. नाहीतर नळाखाली धरला असशील."

"नाही रे बाबा. मला आठवलं नसतं का?"

"आठवत नसेल, आई," तो हसतहसतच म्हणाला. वाईट मनात काही नव्हतं, पण समोर माणसं होती आणि बोलायची सवय होती. "ठिपका खोटं बोलत नाही. म्हणजे तू विसरली असशील."

आई हसली नाही. तिने ठिपक्याकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "असेल." छत्री तिथेच विसरून ती पावसात निघून गेली. झेरॉक्सवाल्याने मागून पळत जाऊन दिली. तेव्हा तर ठिपकेरावांची खात्रीच पटली.

फोन काही वाचला नाही. त्याने तिला दुसरा दिला आणि पुन्हा पडू नये म्हणून त्याला दोरी लावून तिच्या गळ्यात अडकवला. बायको म्हणाली, "अहो, बरं दिसतं का ते? त्यांना विचारा तरी." पण आईनेच मान डोलावली, "असू दे. माझा आता काही भरवसा नाही."

इथून सगळं बिनसत गेलं. आधी तिने गॅस बंद केला का ते पुन्हापुन्हा बघायला सुरुवात केली. झोपायला गेलेली उठून स्वयंपाकघरात जायची. मग चिमीला, म्हणजे ठिपकेरावांच्या लेकीला, शाळेत सोडायचं बंद केलं. "रस्त्यात हात सुटला आणि माझ्या ध्यानातच आलं नाही तर?" ती म्हणाली. चिमीने रडून गोंधळ घातला, आजीच्या साडीला लोंबकळली, पण आजी ढिम्म. मग गिऱ्हाइकांची मापं दोनदा घ्यायला लागली, तिसऱ्यांदा घ्यायला लागली. आणि एक दिवस त्याने घरी येऊन पाहिलं तर मशीनवर कापड टाकून ठेवलेलं.

"आज काम नाही?"

"परत केलं. लोकांचं कापड आहे रे. चुकीचं कापलं तर कुठून भरून देऊ?"

"अगं, तू कधी चुकली आहेस का?"

"आधी चुकत नव्हते," आई म्हणाली. "पण बादलीत फोन पडतो आणि मला आठवतही नाही, म्हणजे काय काय विसरत असेन कोणास ठाऊक."

पण तरीही, हे लक्षात घ्या, तरीही त्याच्या मनात आलं ते हेच की वय झालं, डॉक्टरांना दाखवायला हवं. ठिपक्याबद्दल शंका अजून आली नव्हती.

ती आणली एका स्वेटरवाल्याने. पाऊस धोधो, उकाडा असा की शर्ट पाठीला चिकटलेला, आणि हा माणूस जाडजूड स्वेटर घालून दुकानात शिरला. चष्मा डोक्यावर सरकवलेला. फोन ठेवून म्हणाला, "दादा, पाण्याजवळसुद्धा गेला नाही हो."

ठिपकेरावांनी ट्रे ओढला. लाल. तोंडात ठरलेलं वाक्य आलंच, "ठिपका खोटं बोलत नाही, काका."

"तो नसेल बोलत. मीही नाही बोलत," माणूस म्हणाला. चिडला नाही, थकलेला होता. "घरीही हेच चाललंय. बायको म्हणते पाडला असशील, लपवतोस कशाला. तुम्ही निदान आत तरी बघा."

"बघतो. पण या उकाड्यात स्वेटर का?"

"शीतगृहात कामाला आहे. फळांच्या पेट्या रचायच्या. दिवसभर आतबाहेर. हा चष्मासुद्धा, बाहेर आलं की काहीच दिसत नाही, पुसत बसावं लागतं. म्हणून डोक्यावर ठेवतो."

ठिपकेरावांनी फोन उघडला आणि बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरला. पाण्यात पडलेला फोन त्याला ओळखू येत नाही असं होणं शक्यच नव्हतं. पाणी आत शिरलं की आपली वाट उमटवून जातं. सुकल्यावर कडेला डागाची रेघ राहते, चार्जिंगच्या तोंडाशी हिरवट बुरा येतो. इथे रेघ नव्हती, डाग नव्हता. दोन्ही ठिपके लाल, पण मधून नव्हे, कडेकडेने लाल झालेले. आणि कॅमेऱ्याच्या काचेआड धुकं.

थंडगार पाण्याचा पेला पावसाळ्यात टेबलावर ठेवला की त्याला बाहेरून घाम येतो, तसा हा फोन आतून घामेजला होता. नुसत्या दमट हवेने ठिपका सहसा लाल होत नाही, हे त्याला माहीत होतं. पण फोनच्या आतल्या गार झालेल्या पत्र्यावर हवेतलं पाणी दव होऊन बसतं, आणि दव म्हणजे थेंबच की! रोज थोडं, रोज थोडं. माणूस खरं बोलत होता. ठिपकाही खरंच बोलत होता. त्याला ओल लागली होती. ती बादलीतून आली की हवेतून, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "तुमची चूक नाही. बायकोला सांगा मी सांगितलंय म्हणून. आतून बाहेर निघायच्या आधी, आतच, फोन दाबून बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा. हवा काढून तोंड घट्ट बंद करायचं. बाहेर आल्यावर लगेच उघडायची नाही. फोन कोमट होऊ द्यायचा, जो काही घाम यायचा तो पिशवीला येऊ दे. आणि ओलीची सूचना आली की चार्जर लावायचा नाही, अजिबात नाही. फोन बंद करून ट्रे काढून या पुड्यांबरोबर डब्यात ठेवायचा. केस वाळवायचं यंत्र मारू नका, तांदळात घालू नका, त्याची भुकटी चार्जिंगच्या तोंडात अडकते."

तो हे बोलत होता, हात बोर्ड साफ करत होते, आणि डोक्यात एकच गोष्ट घोंगावत होती. कॅमेऱ्याच्या काचेआड धुकं. आईच्या फोनला होतं. डाग होता का? त्याने बघितलंच नव्हतं. परक्या माणसाचा फोन मायक्रोस्कोपखाली धरला आणि आईचा नुसता ट्रे ओढून हसला.

स्वेटरवाला गेल्यावर त्याने पत्र्याचा डबा उपसला. आईचा फोन तळाशी होता. उघडला. डाग नाही, रेघ नाही, बुरा नाही. ठिपके कडेने लाल.

पण आई काही शीतगृहात जात नव्हती. घरात एसी नव्हता. मग गार कुठून झाला?

दुकानाचं शटर अर्धं ओढून तो भर दुपारी घरी गेला. आई खाटेवर नुसती बसली होती, गळ्यात फोन, हात मांडीवर. रिकाम्या हातांनी बसलेली आई त्याने कधी पाहिली नव्हती, आणि आता रोज बघत होता.

"आई, तुझा आधीचा फोन तू ठेवायचीस कुठे?"

ती दचकली. "का? अजून काही सापडलं का त्यात?"

"नाही गं. सांग ना."

"कुठे म्हणजे? तूच सांगितलं होतंस तिथे."

"मी काय सांगितलं होतं?"

"अरे, उन्हाळ्यात नाही का, मावशीशी बोलताना फोन तापायचा, हातात धरवत नव्हता. मी दुकानात येऊन तुला विचारलं. तू म्हणालास, तापला की थंड जागी ठेव. मग मी फ्रिजच्या दारात ठेवायचे, अंड्यांच्या शेजारी. पाणी सांडू नये म्हणून बाटलीसुद्धा तिथून हलवली होती." तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पावसाळ्यातही तापायचा रे. तू बॅटरी बदलतो म्हणाला होतास, ते राहिलं."

त्याला तो दिवस लख्ख आठवला. हातात चिमटा, डोळा मायक्रोस्कोपला. मान वर न करता म्हणाला होता, "थंड जागी ठेव थोडा वेळ, आई." म्हणजे उन्हातून उचल, सावलीत ठेव, एवढंच. पण हे सगळं कोण सांगत बसणार, गिऱ्हाइकं उभी होती. आणि बॅटरी! सगळ्या गावाच्या बॅटऱ्या बदलल्या, आईची उद्या, परवा करत राहिली.

तो तिच्यापुढे खाली बसला. "आई, तू फोन कुठेच पाडला नव्हतास. तू काही विसरली नव्हतीस. माझ्यामुळे झालं हे. मीच सांगितलं आणि मीच तुला चारचौघांत…"

आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "राहू दे रे. माझं मन राखायला काहीबाही बोलतोस."

"नाही गं, खरंच!"

"बरं, खरं," ती म्हणाली, आणि ते इतक्या समजूतदारपणे म्हणाली की त्याला स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं.

तिला डॉक्टरांकडे न्यायचं त्याच्या मनात होतं, तिथे ती मुकाट्याने आली असती. पण तू बरी आहेस हे तिच्या गळी उतरेना. शेवटी त्याने डब्यातला एक मेलेला फोन घेतला. जुने ठिपके खरवडून काढले, दुकानातल्या ठिपक्यांच्या रिळातले कोरे पांढरे लावले, एक खाचेत, एक बोर्डावर. आईच्या देखत. मग फोन फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी ठेवला. सकाळी चहाच्या वेळी बाहेर काढला, ओट्यापाशी, जिथे आई उभी राहायची तिथेच, आणि थोड्या वेळाने खाचेत दिवा मारला.

पांढरा.

आईने त्याच्यापुढे चहा सरकवला. बायको दुसरीकडे बघत राहिली. चिमीने मात्र विचारलं, "बाबा, तुमची जादू झाली नाही?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा. पांढराच. दुकानात त्याचं लक्ष लागेना. गिऱ्हाईक म्हणालं, पाण्यात पडला नाही, की तो म्हणायचा, "बसा, सांगा, कुठे ठेवता? न्हाणीघरात नेता का? ओल्या रेनकोटच्या खिशात असतो का?" लोक एकमेकांकडे बघायचे, ठिपकेरावांना झालंय तरी काय! त्याला मात्र एकेक जुना चेहरा आठवायचा. विहिरीचा विनोद ऐकून लाल झालेले चेहरे. त्यातले किती खरं बोलत होते? ते घरी जाऊन कोणावर ओरडले असतील? त्याला झोप लागेना.

तिसऱ्या सकाळी त्याने फोनचं पाठचं झाकण उचललं आणि आईच्या हातात भिंग दिलं. "आत बघ."

आईने डोळा लावला. सुई ओवायची नजर ती, अजून पक्की होती. "अगं बाई, हे बारीक बारीक थेंब कसले?"

"दव आहे. हवेतलं. फोन गार आणि हवा ओली, म्हणून बसलं."

"पण फ्रिजमध्ये तर पाणी नव्हतं."

"नव्हतंच. तेच सांगतोय मी."

ती बघत राहिली. आता ती स्वतःच रोज सकाळी फोन बाहेर काढायला लागली, त्याच्याआधी उठून. आणि एका सकाळी तिने हाक मारली ती नेहमीची नव्हती. तो धावत गेला. ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी होती, भिंग हातात. ठिपक्याची कड गुलाबी झाली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत रंग आत सरकत होता.

"मी पाडला नव्हता," ती म्हणाली.

"नाही, आई."

"मला चांगलं आठवत होतं. मी म्हटलंही होतं तुला."

"म्हणाली होतीस." तो म्हणाला. "मग तू असेल असं का म्हणालीस गं? भांडायचं होतंस माझ्याशी."

आईला प्रश्नच कळला नाही. "अरे, तू सांगत होतास ना," ती म्हणाली. "तू इतक्यांचे फोन बघतोस. तू म्हणालास मी विसरले, म्हणजे विसरलेच असणार, असं वाटलं मला."

बायकोने पदर तोंडाला लावला. ठिपकेरावांनी पुढे होऊन आईच्या गळ्यातली दोरी काढली. गाठ त्यानेच इतकी पक्की मारली होती की सुटेना, कात्री आणावी लागली.

मग आई पुढच्या खोलीत गेली, मशीनवरचं कापड दूर केलं, आणि चिमीला हाक मारली. "ये गं, तुझा फ्रॉक राहिलाय." चिमी पळत येऊन तिच्यापुढे ताठ उभी राहिली. आईने तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आकडे धाडधाड सांगितले, खांदा, छाती, उंची, जशी पूर्वी सांगायची. ठिपकेरावांना हायसं वाटलं. तो हसलासुद्धा.

आईने कात्री उचलली. कापडावर टेकवली. मग थांबली, कात्री खाली ठेवली आणि भिंतीवरची टेप काढली.

"एकदा मोजूनच घेते हं," ती म्हणाली, आणि चिमीचा खांदा मोजला. मग पुन्हा मोजला.